रजेचा अर्ज आणि सोबतचा अभ्यासाचा कागद

शाळेच्या चालू सत्रात कुटुंबासह प्रवासाला जाणाऱ्या मुलासाठी पालक जो रजेचा अर्ज लिहितात, त्यात बहुधा प्रवासाचे नाव नसते. ‘घरगुती कारण’, ‘नात्यातील लग्न’ किंवा सरळ ‘ताप’ असे लिहून अर्ज वर्गशिक्षकांच्या हाती जातो, आणि आठवड्याने परतलेले मूल मधल्या सुट्टीतच सगळे पाहिलेले-खाल्लेले मित्रांना सांगून टाकते. शिक्षकांना हे ठाऊक असते व ते बहुधा काही बोलत नाहीत. मात्र खोट्या कारणाचा तोटा नीतीपुरता राहत नाही. आजारी मुलाकडून अभ्यासाची अपेक्षा करता येत नाही, त्यामुळे ताप लिहिला की अभ्यासाच्या नियोजनाविषयी शाळेशी बोलण्याची वाटच बंद होते. खरे कारण लिहिणाऱ्यालाच पुढचा प्रश्न विचारता येतो: या दिवसांत वर्गात काय होणार आहे?

उदाहरण म्हणून पुण्यातील, राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या एखाद्या शाळेतील सातवीचा विद्यार्थी घ्यावा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आजी-आजोबांसह हंपीला जायचे आहे, कारण मे महिन्याच्या सुट्टीत तिथले उघडे खडक इतके तापतात की वयस्कर माणसांना चालणे कठीण होते. शाळा सोमवार 8 ते शनिवार 13, म्हणजे सहा दिवस बुडते. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान 220 कामाचे दिवस सांगितले आहेत. त्या मानाने सहा दिवस तीन टक्क्यांहूनही कमी भरतात, आणि दहावीच्या परीक्षेसाठी असलेली 75 टक्के उपस्थितीची अट सातवीच्या मुलाला अजून दूरची आहे. तरीही हा हिशेब अर्जात मांडू नये. 220 हा आकडा शाळेने किती दिवस शिकवावे यासाठी आहे, मूल किती दिवस गैरहजर राहिले तरी चालेल यासाठी नाही, आणि मुख्याध्यापकांसमोरची अडचण टक्क्यांची नसून एकाला दिलेली मुभा उद्या चाळीस जणांनी मागितली तर काय, ही असते.

अर्जाचा साचा सर्वांना पाठ असतो: ‘प्रति, मा. मुख्याध्यापक’, खाली विषय, मग मजकूर आणि शेवटी पालकांची सही. त्यात मुलाचे नाव, इयत्ता, तुकडी व हजेरी क्रमांक, पहिला व शेवटचा दिवस आणि मूल पुन्हा वर्गात बसेल ती तारीख, इथे सोमवार 15, एवढे स्पष्ट असले म्हणजे पुरते. खरा फरक अर्ज केव्हा दिला यात पडतो. निघण्याच्या आदल्या दिवशी दिलेला अर्ज नावाने विनंती असला तरी वास्तवात ती सूचना असते, कारण तिकिटे निघालेली असतात आणि नकाराला जागाच उरलेली नसते. दोन-तीन आठवडे आधी, वर्गशिक्षकांमार्फत, दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन दिलेला अर्ज मात्र ‘त्या आठवड्यात चाचणी आहे, चार दिवस पुढे जाता येईल का’ असे विचारण्याची सोय शाळेला ठेवतो.

सोबत जोडायच्या अभ्यास-योजनेचे बहुतेक नमुने वाचताना हसू येते. रोज तीन तास, सर्व विषय, शिवाय रेल्वेत वाचन! असा कागद मुख्याध्यापकांना पटत नाही आणि मुलाला झेपत नाही. योजनेचा आधार पाठ्यपुस्तकाच्या पानांपेक्षा वर्ग त्या सहा दिवसांत काय करणार आहे हा असावा, आणि तो विषयागणिक वेगळा निघतो. काही विषय साखळीसारखे असतात, म्हणजे आजचा भाग कळला नाही तर उद्याचा अडतो. गणित हा त्यातला ठळक. त्या आठवड्यात वर्गात सरळव्याज चालणार असेल, तर सूत्राची ओळख निघण्यापूर्वीच घरी करून घ्यावी आणि प्रवासात रोज सकाळी चार उदाहरणे, साधारण चाळीस मिनिटे, एवढेच ठेवावे. इथे घरच्या अभ्यासात कुठली चूक निसटते हेही पालकाला ठाऊक हवे. 5000 रुपये मुद्दल, द.सा.द.शे. 8 दर आणि मुदत सहा महिने असेल, तर मूल मुदतीच्या जागी 6 लिहून 2400 रुपये व्याज काढते. दर वर्षाचा असल्याने मुदतही वर्षात, म्हणजे अर्धे वर्ष अशी घ्यावी लागते आणि व्याज 200 रुपये येते. वर्गात ही चूक फळ्यावर लगेच उघडी पडते, प्रवासात कोणी उत्तर तपासले नाही तर ती चोवीस उदाहरणांत मुरते.

विज्ञानाचे प्रात्यक्षिक याच्या उलट असते. गटाने केलेला प्रयोग घरी भरून काढता येत नाही, आणि राज्यात 2010 पासून आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात, म्हणजे एका परीक्षेवर न विसंबता वर्षभर निरनिराळ्या प्रकारे मुलाची प्रगती पाहण्याच्या पद्धतीत, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांची नोंद चालू आकारिक मूल्यमापनात होत असते. अशा राहणाऱ्या गोष्टीपुढे योजनेत ‘होणार नाही’ असेच लिहावे. ती नोंद नंतर कशी करायची हे शिक्षकांनी ठरवावे. ‘फेरचाचणी घ्यावी’ अशी मागणी अर्जात घालणे म्हणजे स्वतःच्या प्रवासाचा भार त्यांच्या रिकाम्या तासावर टाकणे होय.

राहिला इतिहास, आणि हंपीच्या बाबतीत मोह इथेच होतो. विजयनगरचे राज्य 1336 मध्ये हरिहर व बुक्क यांनी स्थापले आणि 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर हंपी ही त्याची राजधानी उजाड झाली, हे सातवीच्या इतिहासाच्या जवळचे असल्याने सगळ्या प्रवासालाच ‘शैक्षणिक सहल’ म्हणण्याकडे पालकांचा कल असतो. ते म्हणू नये, कारण आजोबांना तुंगभद्रेच्या काठी बसायचे आहे, मुलाला नावेत फिरायचे आहे, आणि यात काही गैर नाही. मात्र एक पान पुरेसे अर्थपूर्ण होऊ शकते. इतिहासाची साधने भौतिक, लिखित आणि मौखिक अशी तीन प्रकारची असतात, हे मूल शाळेत शिकलेले असते. तिथले विठ्ठल मंदिर, दगडी रथ आणि मूर्ती नसलेला गाभारा हे भौतिक साधन. परिसरातले शिलालेख हे लिखित. आणि पंढरपूरची मूर्ती विजयनगरला नेली गेली होती व एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही वारकऱ्यांत सांगितली जाणारी कथा हे मौखिक. ती कथा आजीने मंदिराच्या आवारात सांगावी, मुलाने ती लिहून घ्यावी, आणि रिकाम्या गाभाऱ्यावरून तिच्यातले काय सिद्ध होते व काय होत नाही हे दोन-चार वाक्यांत मांडावे. मार्गदर्शकाच्या तोंडून वहीत उतरवलेल्या सनावळ्यांपेक्षा असे पान शिक्षकाला अधिक सांगून जाते.

परतल्यावरचा आठवडाही योजनेत धरावा लागतो, आणि तोच बहुतेक वेळा विसरला जातो. वर्गमित्रांच्या वहीचे फोटो मागवून रात्री जागून सगळे उतरवले की वही पूर्ण होते. पण बुडालेल्या भागातले एक उदाहरण वही मिटून मुलाला सोडवता येते का, हे पाहिल्याशिवाय अभ्यास पूर्ण झाला असे धरता येत नाही. सोमवारी 15 तारखेला योजनेचा तोच कागद वर्गशिक्षकांकडे परत जावा, झालेल्या कामापुढे खूण आणि न झालेल्यापुढे मुलाच्याच अक्षरात ‘राहिले’ अशी नोंद असलेला, म्हणजे कुठून सुरुवात करायची हे शिक्षकांना विचारत बसावे लागत नाही.