अंगणाखालची वाळू

मिरजेच्या घरी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं, आणि ठेकेदाराचा हिशोब बाबांनी मला एडिनबर्गला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. ब्लॉक १,२८०, वाळू एक ब्रास. आजी वॉकर घेऊन याच अंगणातून न्हाणीघराकडे जाते, त्यामुळे एक ब्लॉक डुगडुगला तरी चालणार नव्हतं.

अंगण २० बाय १४ फूट. मधलं ३ बाय ३ चं तुळशीवृंदावन वजा केलं की २७१ चौरस फूट उरतात. आठ बाय चार इंची ब्लॉक चौरस फुटाला साडेचार, म्हणजे १,२२० लागतात. ठेकेदाराने त्यावर पाच टक्के घट धरली होती. पण कापण्यातली घट क्षेत्रफळावर ठरत नाही, कडेच्या लांबीवर ठरते. बाबांना ४५ अंशांत तिरकी नक्षी हवी होती. तिच्यात कडेच्या दर फुटाला साधारण ३.२ ब्लॉक कापावे लागतात. भिंतींकडचे ६८ आणि वृंदावनाभोवतीचे १२ असे ८० फूट धरले, तर २५५ ब्लॉक. प्रत्येकाचा सरासरी अर्धा भाग वाया, म्हणजे १२७. थोडे तुकडे दुसरीकडे बसतात, पण एक तृतीयांशाहून लहान तुकडा कडेला टिकत नाही, सुटून येतो. म्हणून मी १,३५० सांगितले. कमी पडले की मागाहून आणलेल्या ब्लॉकचा रंग बहुतेक वेळा जुळत नाही. (अंगण लांबी-रुंदीने दुप्पट असतं, तर हीच टक्केवारी जवळजवळ निम्मी झाली असती.)

मला खरं खटकलं ते वाळूचं. दाबल्यावर सव्वा इंच थर हवा, तर सैल वाळू दीड इंच पसरायची. २७१ चौरस फुटांना ती होते ३४ घनफूट. सांध्यांत भरायची बारीक वाळू वेगळी, पण ती तीन-चार घनफुटांच्या वर जात नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. उरलेली कुठे जाणार होती?

बाबांनी विचारल्यावर ठेकेदार म्हणाला, "काका, उतार वाळूतच काढतो की, सोपं पडतंय."

१४ फुटांत ६० ला १ असा उतार म्हणजे पावणेतीन इंच. तो वाळूत काढला, तर गटाराकडे दीड इंच आणि उंबऱ्याकडे सव्वाचार इंच वाळू राहते. जाड थर जास्त दबतो, म्हणजे नेमका उंबऱ्याकडचा भाग खचतो, उतार मोडतो आणि पाणी दारात साचतं. उतार खालच्या खडी-मुरुमातच काढून तो ठोकून घ्यावा लागतो. वाळू सगळीकडे सारखीच हवी. त्याने एक दिवस जास्त लागेल म्हणून कुरकुर केली, पण केलं.

वाळू पसरताना दीड इंच जाडीचे दोन पाइप समांतर ठेवले होते, त्यांच्यावरून सरळ पट्टी ओढायची. बाबांनी उंबऱ्याशी, मध्ये आणि गटाराशी पट्टी खुपसून फोटो पाठवले. पहिल्या दोन ठिकाणी दीड इंच होतं, गटाराशी दोन. तेवढा पट्टा काढून खाली मुरूम भरून ठोकायला लावला, मगच ब्लॉक उतरवू दिले.