तारीख एक, पावत्या दोन

संस्थेच्या सभागृहाचं बुकिंग ऑनलाइन करायचं ठरलं, तेव्हा आपली यंत्रणा आपणच बांधून घ्यावी, असा माझा आग्रह होता. मी पेशाने प्रोग्रामर. शिवाय आमचे नियम कुठल्या तयार सेवेत बसतील असं वाटत नव्हतं. मोठं सभागृह, छोटी खोली आणि गच्ची आम्ही वेगवेगळी देतो, लग्नाला मात्र तिन्ही एकदम. म्हणजे गच्चीवर कुणाचा वाढदिवस असेल, तर त्या दिवशी लग्नाची नोंद होता कामा नये. कार्यक्रमानंतर झाडलोटीला दोन तास लागतात, अनामत वेगळी घ्यायची असते आणि गुरुवारी ज्येष्ठांचं भजन असतं.

नियम कागदावर उतरवले, तर ते फार कठीण निघाले नाहीत. खरी गुंतागुंत होती पैशांची.

समजा, एकाने रविवारची संध्याकाळ निवडली. त्याला पैसे भरायला वेळ मिळावा म्हणून यंत्रणा ती तारीख दहा मिनिटं धरून ठेवते. नवव्या मिनिटाला त्याने यूपीआयचा पिन टाकला आणि खात्यातून पैसे गेले, पण पेमेंट गेटवेचा निरोप आमच्याकडे पोचला तेराव्या मिनिटाला. तोवर मुदत संपून तारीख मोकळी झाली होती आणि दुसऱ्याने पैसे भरून ती घेतलीसुद्धा. आता तारीख एक आणि पावत्या दोन! हे टाळायचं तर तारीख सोडण्याआधी गेटवेला स्वतःहून विचारावं लागतं, उशिरा आलेले पैसे आपोआप परत करावे लागतात आणि तोच निरोप दोनदा आला तरी पावती एकच निघेल हे पाहावं लागतं.

हे लिहिता येतं, मी लिहिलंही असतं. पण पुढे ते सांभाळायचं कुणी? गेटवेचे नियम बदलतात, सर्व्हर अद्ययावत ठेवावा लागतो, कार्यकारिणीही बदलते. मी गाव सोडलं, तर रात्री अकराला अडकलेले पैसे कोण सोडवणार? इथे माझं मत फिरलं.

तयार सेवा बुकिंगमागे कमिशन घेते. वर्षाला २०० बुकिंगं, सरासरी ४,००० रुपये आणि कमिशन २ टक्के धरलं, तर १६,००० रुपये होतात. एवढ्यात सांभाळणारा माणूस मिळत नाही. झाडलोटीची दोन तासांची फट आणि दर गुरुवारची नोंद तयार सेवेत बसली; अनामत आम्ही तिच्याबाहेर, चेकने घेतो.

निवडीआधी मात्र तीन गोष्टी करून पाहाव्यात: दोन फोनवरून एकाच वेळी तीच तारीख मागायची, गच्ची दिलेली असताना लग्नाची नोंद करायची आणि सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवून घ्यायच्या. एक सेवा गच्चीच्या परीक्षेतच बाद झाली. ज्या सेवेतून नोंदी बाहेर काढता येत नसतील, तीही घेऊ नये.

उद्या संस्थेला पगारी तंत्रज्ञ परवडला, तर मी पुन्हा उलट बाजूने बोलेन.