सरांना चिठ्ठी

शेख महंमदांच्या 'योगसंग्रामा'वरील आमचा प्रबंध विद्यापीठात जमा झाला. सरांना काही द्यावे, असे घरात ठरले. पण बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल आणि मौखिक परीक्षा अजून बाकी. अशा वेळी किमती वस्तू दिली तर तो व्यवहार वाटतो. म्हणून पंढरपूरचे चुरमुरे-फुटाणे घेतले. सगळ्या विभागाने वाटून खावेत. सोबत चिठ्ठी. नुसते 'आभारी आहोत' कोणीही कोणालाही लिहू शकतो. आम्ही लिहिले: "सर, अरबी-फारसी शब्दांचा अर्थ लावण्याआधी पोथ्यांतले पाठ शेजारी ठेवून पाहा, असे आपण सांगितलेत. आमचे तिसरे प्रकरण त्याच सवयीवर उभे आहे. वर्गात मुलांनाही आता तेच सांगतो. दुआ असू द्यावी."