फोटोखालची ओळ

संध्याकाळी सहाच्या सुमाराला कोल्हापूरला उसंत नसते. गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहतात, धारोष्ण दुधाचे पेले हातोहात जातात. ऑफिसं सुटतात आणि बिंदू चौकाकडं गाड्यांची रीघ लागते. त्या गर्दीतून वाट काढत काही माणसं डब्याची पिशवी खांद्याला तशीच ठेवून नाईट कॉलेज गाठतात. बहुतेक पोरं विशीतली, दिवसभर दुकानात नाहीतर वर्कशॉपात राबलेली. त्यांच्यात एखादी चाळिशीची बाई आली, की मॅडम आल्या समजून पोरं उठून उभी राहतात.

तिथवर पोहोचायलाच तिला दोन महिने कागद गोळा करावे लागलेले असतात. बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मधल्या वर्षांचं गॅप प्रतिज्ञापत्र. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही. तरी कॉलेजच्या दप्तरी नाव लागतं ते गुणपत्रिकेवरचंच. हजेरीत माहेरचं आडनाव पुकारलं जातं आणि ‘हजर’ म्हणायला तिला क्षणभर उशीर होतो.

पहिल्या तासाचा फोटो स्टेटसला ठेवायचा, तर खाली लिहायचं काय? वाचणार दोन तऱ्हेचे लोक: ऑफिसातले सहकारी आणि स्वतःची मुलं. ‘शिक्षणाला वय नसतं’ हे वाक्य दोघांनाही पाठ आहे, आणि त्यात ती कुठंच नाही. ‘जमेल तसं बघू’ लिहिलं, तर मुलांना तिचा अभिमान दिसत नाही. खरं तेच चांगलं उतरतं: ‘आजपासून एफ. वाय. बी. ए. पोटात गोळा आहे, पण पहिला बाक मीच धरलाय.’

मुलगी लगेच विचारते, ‘आई, गृहपाठ दिलाय काय गं?’ याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आता चौकशी लेकरांकडून होते, आणि ती बरोबरच आहे. रात्रीच्या शाळेची कल्पनाही इकडं नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी ती उघडली होती.

सहकाऱ्यांचं ‘नाद खुळा!’ येतंच. पण त्या ओळीचा खरा उपयोग पुढं कळतो. साडेपाचला ती टेबल आवरायला लागली, की कुणी घड्याळाकडं बघत नाही. सत्राच्या पेपरांना किरकोळ रजा लागते, आणि वेळापत्रक कधी लागेल ते आधी सांगता येत नाही. पण शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ती ओळ वाचलेली असते. त्या आपणहून म्हणतात, ‘तारखा कळल्या की सांगा, त्या दिवसांचं काम मी बघते.’