गलातेची डाक

अरुणाचलमधल्या माझ्या पहिल्या फील्ड पोस्टिंगवर हिवाळ्यात रस्ता बंद झाला की डाकही बंद व्हायची. मग एखाद्या दिवशी तीन-तीन आठवड्यांची पत्रं एकदम यायची आणि संध्याकाळी लंगरजवळ नावं पुकारली जायची. ज्याचं नाव येत नसे तो बुटाची नाडी बांधत बसे. ज्यांनी फील्डमध्ये दिवस काढलेत त्यांना हे सांगायला नको.

हे आठवायला कारण म्हणजे एका फ्रेंच जहाजाची डाक. सप्तवार्षिक युद्ध चालू होतं. १७५८ मध्ये 'गलाते' नावाचं फ्रेंच जहाज बोर्दोहून कॅनडातल्या क्वेबेककडे निघालं आणि वाटेत ब्रिटिशांच्या 'एसेक्स' या जहाजाने ते पकडलं. सगळे खलाशी कैद झाले. त्यांच्या घरच्यांनी लिहिलेली पत्रं फ्रान्सची डाकव्यवस्था एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पाठवत राहिली, पण प्रत्येक ठिकाणी पत्रं पोहोचण्याआधीच जहाज निघून गेलेलं असायचं. शेवटी जहाज शत्रूच्या हाती पडल्याचं कळलं तेव्हा पत्रंही इंग्लंडला धाडण्यात आली, कैद्यांपर्यंत पोहोचतील या आशेने. तिथल्या नौदलाच्या कचेरीने लष्करी माहिती मिळते का म्हणून दोन पत्रं फोडली. आत घरगुती मजकूर निघाला, म्हणून सगळा गठ्ठा ठेवून दिला.

तो गठ्ठा शतकानुशतकं बंदच राहिला. केंब्रिजचे इतिहासकार रनो मोरिये यांनी लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात केवळ कुतूहल म्हणून ती पेटी मागवली. आत फितीने बांधलेल्या तीन जुड्या होत्या. पत्रं लहानशी आणि मोहोरबंद. उघडू का, असं त्यांनी अभिलेखपालांना विचारलं आणि होकार मिळाला. शंभराहून जास्त पत्रं होती. कागद महाग, म्हणून इंच न् इंच भरलेला. विरामचिन्हं नाहीत, शुद्धलेखन कानाला ऐकू येईल तसं. ती लावायलाच त्यांना महिने लागले. हे सगळं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं.

यात आपल्याला हवी तशी प्रेमपत्रं आहेत. मारी द्युबोस्क आपल्या नवऱ्याला, जहाजाच्या फर्स्ट लेफ्टनंटला, लिहिते की रात्रभर लिहीत बसले तरी चालेल. मग मध्यरात्र झाली, आता निजायला हवं, म्हणून निरोप घेते. नवरा कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. पुढच्याच वर्षी ती वारली. तो सुटून घरी परतला तो त्यानंतर, आणि १७६१ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं. हे पत्र त्याने कधी पाहिलंच नाही.

दुसरी आन ल सेर्फ. तिचा नवरा त्याच जहाजावर कनिष्ठ अधिकारी. तिला त्याचा 'ताबा' मिळायची घाई झाली आहे, असं ती लिहिते. मोरिये म्हणतात, याचा अर्थ नुसती मिठी असेल किंवा सरळ शय्येचाच असेल. खाली सही मात्र 'तुझी आज्ञाधारक पत्नी', आणि त्यापुढे लाडाचं नाव, नानेत. आज्ञाधारक हा त्या काळच्या पत्राचा ठरलेला मायना, आपल्या 'शिरसाष्टांग नमस्कारा'सारखा. तेवढंच वाचणारा म्हणेल, बिचारी दबलेली बायको. ती बाई मायन्यात नाही, वरच्या ओळीत आहे.

पण मला जास्त शिकवलं ते तिसऱ्या घराने. निकोला केनेल, वय १९, नॉर्मंडीचा. त्याची आई मार्गरीत ६१ वर्षांची. तिला लिहिता येत नसावं, पत्रं कुणाकडून तरी लिहून घेतलेली. २७ जानेवारी १७५८ च्या पत्रात तक्रार आहे की नवीन वर्षाला तू तुझ्या वाग्दत्तेला लिहितोस, मला नाही. तुझी खुशाली मला दुसऱ्या खलाशाच्या बायकोकडून कळते. मी तीन आठवडे आजारी आहे, आता मसणाचीच वाट, असंही ती ऐकवते. मग त्याची वाग्दत्ता मारियान त्याला बजावते की आईला लिही. पुढे त्याचं पत्र आईला मिळाल्यावर ती कळवते की काळा ढग सरला, घरातली हवा हलकी झाली. मार्चमध्ये आईची नवी तक्रार: तुझ्या पत्रात वडिलांचं नावही नसतं. ते सावत्र वडील होते. पोराने लिहिलं काहीच नाही, आणि त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला.

आज आपण प्रेमपत्र म्हणजे दोघांपुरतं असं धरून चालतो. इथे लिहिणारा एक, सांगणारा दुसरा, ऐकणारे चार, आणि एकाच कागदात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे नमस्कार. वाग्दत्तेची माया चुंबनांत कमी आणि होणाऱ्या सासूचा राग निवळवण्यात जास्त दिसते. माझ्या पलटणीत चंदगडकडचा एक नाईक होता. त्याची पत्रं घरी आईला मोठ्याने वाचून दाखवली जात. तो दर पत्रात आईलाच विचारायचा, शेवग्याला शेंगा आल्या का. मी एकदा म्हटलं, अरे, हिवाळ्यात कसल्या शेंगा? तर लाजून म्हणाला, "साहेब, ते झाड आम्ही दोघांनी लावलंय. तिला कळतं."

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. ही पत्रं टिकली ती पोहोचली नाहीत म्हणून. जी पोहोचली असतील ती खिशात विरली, समुद्रात भिजली, चुलीत गेली. खलाशांनी घरी लिहिलेली उत्तरं या पेटीत नाहीत. म्हणजे निकोलाच्या बाजूचं आपण फक्त आईच्या रागातून वाचतो. तो खरंच विसराळू होता, की त्याचीही पत्रं वाटेत अडकली होती, हे या जुड्यांवरून ठरवता येत नाही. तो जगला एवढं कळतं. १७६० च्या दशकात तो गुलामांचा व्यापार करणाऱ्या एका जहाजावर कामाला लागला. आईने ज्याच्यासाठी एवढा जीव काढला, तो पोरगा पुढे ते काम करत होता, हेही त्याच कहाणीत आहे.

मागच्या रजेत मी माझी काळी ट्रंक उघडली. साखरपुडा ते लग्न या चौदा महिन्यांत हिने पाठवलेली पत्रं तीत आहेत, एकेचाळीस. आमच्याकडेही तेव्हा निकोलाचीच गोष्ट झाली होती. हिला आठवड्याला दोन पत्रं, आईला महिन्यातून एखादं. हिच्या घरच्यांकडून आईला माझी खुशाली कळे. आई मला काही बोलली नाही. शेवटी हिनेच लिहिलं: आधी आईंना पत्र टाका, मग मला. मला तेव्हा ते कोरडं वाटलं होतं, प्रेमाच्या पत्रात असला निरोप कशाला म्हणून.

"ते पत्र माझ्या बाबांनी वाचून मग पेटीत टाकलं होतं," ही आता म्हणाली. "आणखी काय लिहिणार होते?"

आईची पत्रं मी ठेवली नाहीत. ती येत, वाचून होत, आणि बदली झाली की सामान हलकं करताना आधी जात. आई जाऊन सहा वर्षं झाली. ट्रंकेत सगळं शोधलं, तिच्या अक्षरातलं एक पाकीटही नाही. फक्त हिच्या सत्ताविसाव्या पत्रात समासात, पेन्सिलीने, आडवी लिहिलेली एक ओळ आहे. त्या दिवशी ही आमच्या घरी गेली होती: 'आई विचारतायत, लोकरीचे मोजे मिळाले का.'

मिळाले होते. कळवलं होतं की नाही, ते आठवत नाही.