बाईंच्या गणितात राहिलेली एक ओळ

मैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजणींचा असा समज असतो की बँकेने मुदतठेवीच्या व्याजातून कर कापला म्हणजे कराचा विषय संपला. कापला तो गेला, आता त्याचे काय! पण बँक कापते तो टीडीएस, म्हणजे आगाऊ काढून ठेवलेली अंदाजाची रक्कम. आपला खरा कर किती, हे बँकेला माहीत नसते. ते विवरणपत्र भरल्यावरच ठरते. आमच्या पालीतल्या एका बाईंच्या घरी हा हिशोब कसा उलगडला ते आज सांगते. बाईंनी लिहायला परवानगी दिली आहे, फक्त "नाव घालू नकोस गो" म्हणाल्या, म्हणून नुसते बाईच म्हणते.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या. २०१२ साली निवृत्त झाल्या, आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत. निम्म्या गावाला त्यांनी बे एके बे शिकवले आहे, त्यामुळे त्यांच्या हिशोबात चूक काढायची कोणाची छाती नाही. दरवर्षी मार्च संपला की दोनशे पानी वहीत त्या स्वतः कराचे गणित मांडतात. नातू रत्नागिरीला कॉलेजात बी. कॉम. करतो. गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये तो सुट्टीवर आला असताना बाईंनी वही त्याच्यापुढे टाकली आणि म्हणाल्या, "तू एवढा कॉमर्स शिकतोस ना, मग तपास बघू."

वहीत असे होते. निवृत्तिवेतन महिना ३६,००० रुपये, वर्षाचे ४,३२,०००. वीस लाखांच्या ठेवीवरचे व्याज १,४८,०००. बचत खात्याचे व्याज ५,०००. एकूण ५,८५,०००. त्यातून प्रमाणित वजावट ७५,००० गेली, उरले ५,१०,०००. ही वजावट पगारदारांइतकीच निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनाही मिळते, हे बाईंना ठाऊक होते. नव्या करप्रणालीत त्या वर्षी तीन लाखांपर्यंत कर नव्हता आणि तीन ते सात लाखांवर ५ टक्के होता. म्हणून ५,१०,००० मधून ३,००,००० वजा, राहिले २,१०,०००, त्याचे ५ टक्के म्हणजे १०,५००. त्यावर ४ टक्के उपकर ४२०. एकूण कर १०,९२०. बँकेने व्याजावर १० टक्क्यांनी कापले होते १४,८००. खाली बाईंनी शेरा लिहिला होता, "३,८८० जास्त गेले. असो."

त्या "असो"मागे कारण होते. विवरणपत्र भरायचे तर रत्नागिरीला जाणे, कोणाला तरी फी देणे, दोनतीन खेपा घालणे. पावसाच्या तोंडावर हातखंब्यापर्यंतच्या रस्त्याची अवस्था आपण सगळ्या जाणतो. चार हजारांसाठी कोण जातो! म्हणून बाईंनी बरीच वर्षे विवरणपत्रच भरले नव्हते.

नातवाने प्रत्येक बेरीज-वजाबाकी तपासली. सगळी बरोबर. मग म्हणाला, "आजी, गणित बरोबर आहे, पण एक ओळ राहिली. १०,५०० च्या खाली, उपकर लावायच्या आधी, रिबेटची ओळ असते."

बाईंना ते पटेना. "तीन लाखांच्या वर गेलं की कर लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे," त्या म्हणाल्या. शेवटी नातू वही घेऊन माझ्याकडे आला. "काकू, तुम्ही बी. कॉम. आहात, तुमचं ऐकेल ती." माझी पदवी चाळीस वर्षांपूर्वीची, पण घरचे सगळ्यांचे विवरणपत्र मीच बघते, त्यामुळे हे कलम चांगले ओळखीचे होते.

मी बाईंना मिठाईच्या दुकानाचे उदाहरण दिले. पेढे डब्यासकट काट्यावर ठेवतात आणि डब्याचे वजन वगळून उरलेल्याचेच पैसे लावतात. ती झाली वजावट. करमुक्त मर्यादा म्हणजे पहिले काही पेढे फुकट आणि पुढच्यांनाच भाव. रिबेट मात्र अगदी शेवटी येते. बिल तयार होते, रक्कम लिहिली जाते, आणि मग दुकानदार म्हणतो, तुमची खरेदी अमुक रकमेच्या आत आहे ना, मग हे बिल माफ. वजावट उत्पन्नातून जाते, रिबेट थेट करातून जाते. बाईंनी पहिल्या दोन गोष्टी केल्या होत्या आणि तिसरीच्या आधीच वही मिटली होती.

तेव्हाच्या आयकर कायद्यात हे कलम ८७ए होते. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न सात लाखांपर्यंत असेल तर २५,००० रुपयांपर्यंतचा कर माफ होतो. बाईंचे करपात्र उत्पन्न ५,१०,०००, कर १०,५००, रिबेट १०,५००. कर शून्य, आणि शून्यावर उपकरही शून्य. म्हणजे परत यायचे होते ते ३,८८० नव्हे, बँकेने कापलेले पूर्ण १४,८००. बाईंच्या वर्षभराच्या औषधांचा खर्च जवळपास तेवढाच आहे. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारले, "कर शून्य आहे तर मग विवरणपत्र कशाला हवं?"

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. तीन लाखांच्या मर्यादेखाली असणे आणि रिबेटने कर शून्य होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मर्यादेच्या वर उत्पन्न असले की विवरणपत्र भरावेच लागते, मग कर शून्य का होईना. आणि कापलेले पैसे परत मागायची जागाही तीच. न भरणाऱ्याला कोणी घरी आणून देत नाही.

भरायला रत्नागिरीला जावे लागले नाही. नातवाने आजीच्या पॅन क्रमांकाने incometax.gov.in वर प्रवेश केला. आधी फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे AIS, उघडले. बँकेने कापलेली रक्कम बाईंच्या पॅनवर जमा दिसते का, हे त्यात कळते. १४,८०० दिसले. ते दिसले नसते तर आधी बँकेकडून दुरुस्ती करून घ्यावी लागली असती. मग आयटीआर-१, ज्याला सहज म्हणतात, तो उघडला. नोकरीच्या प्रकारात निवृत्तिवेतनधारक निवडले, व्याजाच्या दोन्ही रकमा भरल्या, आणि हिशोबाच्या पानावर `Rebate u/s 87A` या ओळीत १०,५०० आपोआप आले. बाईंनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली. परतावा ज्या खात्यात हवा ते खाते पोर्टलवर आधी पडताळून घेतलेले असावे लागते. शेवटी आधारच्या ओटीपीने पडताळणी केली. ही पडताळणी तीस दिवसांत झाली नाही तर भरलेले विवरणपत्र वेळेत धरले जात नाही. पुष्कळांचे इथेच अडते.

विवरणपत्र जुलैत गेले, पैसे ऑगस्टमध्ये आले. १४,८०० आणि वर ३७० व्याज. वेळेत भरले की परताव्यावर १ एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याज मिळते, पाच महिन्यांचे ते ३७०. हे व्याज मात्र पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचे. बाईंनी ते वहीत लगेच लिहून ठेवले.

मागच्या वर्षांचे काय, हे बाईंनी विचारलेच. तिथे उत्तर तितके गोड नाही. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येते, पण करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या वर असल्यास ५,००० रुपये विलंब शुल्क पडते. ३१ डिसेंबरही गेला की नंतरच्या अद्ययावत विवरणपत्रात परतावा मागता येत नाही. मग उरतो विलंब माफ करण्याचा अर्ज. तो करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करता येतो, उशीर का झाला ते पटवून द्यावे लागते, आणि मंजुरी अधिकाऱ्यांच्या हाती असते. बाईंनी एका वर्षापुरता अर्ज केला आहे. बाकीच्यांवर त्यांनी पाणी सोडले.

रिबेटलाही मर्यादा आहेत, त्या नीट ऐका. २०२४-२५ मध्ये करपात्र उत्पन्न सात लाखांच्या थोडे वर गेले तर पूर्ण माफी जायची, पण एकदम खड्ड्यात पडायला होत नसे. समजा ७,१०,००० झाले. नुसत्या दराने कर व्हायचा २१,०००. पण सात लाखांच्या वर तुम्ही मिळवले १०,०००च, म्हणून कर १०,००० वरच थांबवत, आणि मग त्यावर उपकर. दुसरी गोष्ट, आपल्या समाजात घरोघरी शेअर आणि म्युच्युअल फंड असतात. शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावरच्या कराला ही रिबेट लागत नाही. उत्पन्न मर्यादेत असले तरी तेवढा कर भरावा लागतो. बाईंकडे फक्त ठेवी होत्या म्हणून गणित इतके सरळ सुटले.

पुढच्या वर्षी पैसे कापूच नयेत म्हणून काय करायचे? साठीच्या पुढच्यांसाठी २०२५-२६ पर्यंत फॉर्म १५एच होता. २०२५-२६ या वर्षासाठी बाईंनी तो बँकेत नेला, तर खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "आजी, तुमचं उत्पन्न चार लाखांच्या वर आहे, तुम्हाला हा देता येणार नाही." त्या वर्षापासून करमुक्त मर्यादा चार लाख झाली होती. नातू सोबत होता. त्याने त्याच फॉर्मच्या मागच्या टिपा वाचायला दिल्या. २०१९ पासून त्यात स्पष्ट होते की रिबेट धरून कर शून्य होत असेल तर बँकेने फॉर्म घ्यावा. त्या वर्षासाठी रिबेटची मर्यादा बारा लाख आणि माफी ६०,००० पर्यंत झाली आहे, त्यामुळे बाई सहज त्यात बसतात. मुलाने आत जाऊन साहेबांना विचारले आणि शिक्का मारून दिला. साठीच्या आतल्यांचा फॉर्म १५जी मात्र वेगळा होता. त्यात वर्षाचे एकूण व्याज करमुक्त मर्यादेच्या आत असावे लागे, म्हणून मुलीसुनांच्या बाबतीत घाई करू नका.

फॉर्म दरवर्षी नव्याने द्यायचा, ठेव असलेल्या प्रत्येक बँकेत वेगळा, आणि एप्रिलमध्येच, व्याज जमा व्हायच्या आधी. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यात कलमांचे आकडे बदलले. म्हणून आकडा पाठ करू नका, "रिबेट" हा शब्द लक्षात ठेवा. बाईंनी आपल्या वहीत कराच्या खाली आणि उपकराच्या वर लाल पेनाने एक ओळ आखून ठेवली आहे. तुमच्या घरात आईची, सासूबाईंची अशी वही असेल तर याच दोन आकड्यांच्या मध्ये बघा.