नानांच्या घरचा चहा मी टाळला होता

मंडळी, आज राजकारण नाही. आंदर मावळातल्या एका शेतकऱ्याबद्दल लिहितोय. नाव, गाव सांगणार नाही, कारण त्यांच्या नातीचं लग्न व्हायचंय. आपण त्यांना नाना म्हणू.

तीन वर्षांपूर्वी नाना राब भाजत होते. पेटता पालापाचोळा हाताला लागला, करंगळीच्या बाजूचा तळवा भाजला. त्यांना कळलं ते संध्याकाळी, काकूंनी फोड बघितला तेव्हा. "दुखलंच नाही रे," असं ते मला हसत सांगत होते. मीही हसलो. पत्रकार म्हणवतो स्वतःला, पण भाजलं तरी दुखत कसं नाही, हे विचारायचं सुचलं नाही.

त्याआधी दोन वर्षांपासून कोपरावर आणि पाठीवर फिकट चट्टे होते. खाज नाही, आग नाही. शहरातल्या एका डॉक्टरांनी गजकर्ण म्हणून मलम दिलं. ते लावत राहिले. शेवटी कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत घरी आलेल्या आशाताईंनी चट्टा बघून टाकव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. तिथे डोळे मिटायला लावून बॉलपेनचं टोक चट्ट्यावर टेकवलं आणि कुठे टेकलं ते बोटाने दाखवायला सांगितलं. नाना गप्प बसून राहिले. मग कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपली, ती सुतळीसारखी जाड लागत होती. चट्टे सहा भरले. पाचपेक्षा जास्त चट्टे म्हणजे उपचार बारा महिन्यांचा.

हा जंतू फार आळशी आहे. साधे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून लागण आणि पहिला चट्टा यांच्यात साधारण पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. त्याला गारवा मानवतो, त्यामुळे कातडीत आणि कातडीजवळून जाणाऱ्या नसांमध्ये तो ठाण मांडतो. बोटं झडतात ती जंतूने खाल्ल्यामुळे नाही. नस बधिर होते, मग भाजलेलं, कापलेलं, बुटातला खडा काहीच कळत नाही, आणि जखमा चिघळत जातात.

औषध मात्र आळशी नाही. पूर्वी एकटी डॅप्सोन वर्षानुवर्षं देत, आणि जंतू तिला दाद देईनासे झाले. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधं एकत्र द्यायची शिफारस केली. नानांना पहिल्या दिवशी कर्मचाऱ्यासमोर रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन गिळायला लावली. पुढचे सत्तावीस दिवस क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन घरी, मग नवं पाकीट. सगळं फुकट. रिफाम्पिसिनच्या एका मात्रेतच जिवंत जंतूंपैकी जवळपास सगळे मरतात, काही दिवसांत माणसापासून लागण होणं थांबतं. उरलेले चिवट जंतू संपवायला आणि औषधाला दाद न देणारे निपजू नयेत म्हणून बाकीचे महिने.

आणि गावाने काय केलं? औषध सुरू झाल्याची बातमी फुटली, त्यानंतर नानांचं ताट वेगळं झालं. सप्ताहाच्या पंगतीत काकूंना वाढायला येऊ नका म्हणाले. दोन वर्षं मलम लावत सगळ्यांत वावरत होते तेव्हा चालत होतं. लागण थांबल्यावर वाळीत! मीसुद्धा त्याच महिन्यात त्यांच्या ओसरीवर बसून "आत्ताच झालाय" म्हणत चहा टाळला. हा आजार ताटातून किंवा पेल्यातून येत नाही, उपचार न घेतलेल्या माणसाच्या दीर्घ सहवासात, नाका-तोंडाच्या वाटे येतो, आणि बहुतेकांचं शरीर त्याला मुळात थारा देत नाही. हे मी तेव्हा वाचलेलं होतं, तरीही टाळला.

तिसऱ्या महिन्यात चट्टे लाल होऊन सुजले, कोपर ठणकायला लागलं, करंगळी आणि अनामिका वाकू लागली. गावात बोलणं सुरू झालं की गोळ्यांनीच वाट लावली. नाना पाकीट चुलीत टाकायला निघाले होते. प्रत्यक्षात त्यांचं शरीर त्या जंतूंवर, मेलेल्यांवरसुद्धा, तुटून पडलं होतं आणि मधे नस भरडत होती. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. अशा वेळी गोळ्या बंद करायच्या नसतात. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं असतं. प्रेडनिसोलोन सुरू झालं, हळूहळू कमी करत काही महिने चाललं. अनामिका बरीचशी सरळ झाली. करंगळी नाही. ती नस आधीच फार काळ दबलेली होती, आणि सहा महिन्यांपेक्षा जुनी इजा सहसा भरून येत नाही. मलमात गेलेली दोन वर्षं त्या करंगळीत राहिली.

क्लोफाझिमिनने आलेला काळेपणा आता बराच उतरलाय. उपचार संपून वर्ष झालं.

परवा गेलो होतो. राब भाजायची तयारी चालली होती. नानांनी जाड मोजे घातले होते. रोज संध्याकाळी काकू कंदिलाजवळ त्यांचे दोन्ही तळहात उलटसुलट करून बघतात, कुठे लागलंय का. माझ्यासमोरही बघितले. मग चहा आला. नानांनी कप उचलला तेव्हा करंगळी वाकडीच होती. मी दुसरा कप मागितला.